‘मुंबई स्पेशल’ ओळखायचं कसं? तबकडीच्या फोटोवरून घड्याळाची कंपनी, मशीन आणि अस्सलपणा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या घड्याळांचे फोटो मला रोज येतात. कुणाला आजोबांच्या कपाटात घड्याळ सापडलेलं असतं, कुणी ऑनलाइन जाहिरात पाहून पैसे भरायच्या बेतात असतं. प्रश्न साधारण तेच असतात, म्हणून उत्तरं इथे एकत्र लिहितो आहे. भर जुन्या सेको ५, एचएमटी आणि राडोवर आहे, कारण आपल्याकडे हीच घड्याळं सर्वांत जास्त हातोहात फिरतात आणि फसवणूकही यांच्यातच जास्त होते.

फक्त तबकडीच्या फोटोवरून किती सांगता येतं?

कंपनीचं नाव, मॉडेलचा अंदाज आणि मशीनचा प्रकार बऱ्यापैकी सांगता येतो. तबकडी पुन्हा रंगवली आहे का, हेही फोटो चांगला असेल तर बहुतेक वेळा कळतं. आतलं मशीन तेच आहे का, ते चालू स्थितीत आहे का आणि भाग बदललेले आहेत का, हे मागचं झाकण उघडल्याशिवाय कळत नाही.

एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात ठेवा. फोटो पाहून ‘हे नकली आहे’ असं खात्रीने म्हणता येतं, कारण एक ढळढळीत चूक त्याला पुरेशी असते. ‘हे अस्सल आहे’ असं मात्र फोटोवरून फार तर ‘चूक दिसत नाही’ इतकंच म्हणता येतं.

नकली, रंगवलेलं आणि जोडाजोडीचं घड्याळ यांत फरक काय?

नकली घड्याळ म्हणजे दुसऱ्याच कुणी बनवून त्यावर नामांकित कंपनीचं नाव छापलेलं. त्यात त्या कंपनीचं काहीच नसतं.

रंगवलेलं म्हणजे घड्याळ मूळ कंपनीचंच, पण तबकडीवरचा जुना रंग उतरवून नवा चढवलेला आणि अक्षरं पुन्हा छापलेली. बाजारात याला ‘डायल रिपेंट’ म्हणतात.

जोडाजोडीत मशीन एका घड्याळाचं, बाहेरची धातूची केस दुसऱ्याची, काटे तिसऱ्याचे आणि काच नवी असते. सगळे भाग अस्सल असूनही ते घड्याळ कारखान्यातून तसं कधीच बाहेर पडलेलं नसतं.

तिन्हींची किंमत वेगळी आणि विकणाऱ्याचा दोषही वेगळा. वडिलांच्या घड्याळाची डाग पडलेली तबकडी घड्याळजीकडून रंगवून घेतली, तर ती दुरुस्ती झाली. तीच तबकडी ‘ओरिजिनल, जशी होती तशी’ म्हणून विकली, तर ती लबाडी.

‘मुंबई स्पेशल’ हा काय प्रकार आहे?

हे नाव परदेशातल्या संग्राहकांनी दिलं. भारतातून, त्यातही मुंबईतून, जुनी सेको ५, एचएमटी, सिटिझन, फावर-लुबा अशी घड्याळं भडक रंगाच्या नव्या तबकड्या घालून ऑनलाइन विकली जाऊ लागली. नारंगी, फिरोजी, पोपटी, तिरंगी असे रंग आणि त्यावर ‘रेल्वे टाइम’ किंवा ‘मिलिटरी’ अशी अक्षरं. केस इतकी पॉलिश केलेली की तिच्या धारा गोल होऊन जातात.

आत बहुधा खरं मशीन असतं, म्हणून ‘नकली’ हा शब्द यांना पुरता बसत नाही. पण तबकडी, काटे आणि काच नवी, आणि पुष्कळदा मशीनही तीन-चार मोडक्या घड्याळांतून जमवलेलं. इथे जुनी घड्याळं आणि सुटे भाग मुबलक होते, ती चालवणारे कुशल हातही होते, त्यातून हा धंदा उभा राहिला. त्या हातांबद्दल मला मनापासून आदर आहे. मेलेलं मशीन पुन्हा चालतं करणं सोपं काम नाही. आक्षेप फक्त खरेदी करणाऱ्यापासून ही गोष्ट लपवण्याला आहे.

तबकडीवर कंपनीचं नाव लिहिलेलंच असतं. मग ओळखायचं काय?

नाव छापणं ही सर्वांत सोपी गोष्ट आहे, त्यामुळे नाव शेवटी वाचा. आधी नाव कसं बसवलं आहे ते पाहा. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या बहुतेक सेको ५ वर बाराखालची ‘सेको’ ही अक्षरं आणि ५ चं ढालीसारखं चिन्ह धातूचं, तबकडीवर वेगळं बसवलेलं असतं. प्रकाश तिरपा पडला की त्याची बारीक सावली दिसते. रंगवताना हे तुकडे काढून पुन्हा लावावे लागतात. मग ते किंचित तिरके बसतात, कडेला गोंद दिसतो किंवा ते गहाळ होऊन त्यांच्या जागी नुसती छपाई येते.

उलट एचएमटी जनता किंवा फावर-लुबा सी किंग यांसारख्या साध्या घड्याळांवर बरीच अक्षरं मुळातच छापलेली असतात. तिथे अक्षरांची धार पाहायची. कारखान्याच्या छपाईत अक्षराचे कोपरे तीक्ष्ण असतात आणि जाडी सगळीकडे सारखी असते. हाताने पुन्हा केलेल्या छपाईत इंग्रजी ‘ई’ची मधली रेघ जाड होते, ‘ए’चं पोट भरून येतं, दोन ओळींमधलं अंतर बिघडतं. त्याच मॉडेलच्या तीन-चार वेगवेगळ्या घड्याळांचे फोटो शेजारी ठेवा. अक्षराच्या वळणातला फरक डोळ्याला आपोआप खुपतो.

चावीचं, ऑटोमॅटिक की सेलवालं, हे तबकडीवरून कसं कळेल?

लिहिलेलं असलं तर ‘ऑटोमॅटिक’, म्हणजे मनगटाच्या हालचालीने आपोआप चावी भरणारं, किंवा ‘क्वार्ट्झ’, म्हणजे सेलवालं, हे शब्द पहिला पुरावा, पण एकटा पुरेसा नाही. तबकडीची रचना मशीनच ठरवतं, आणि ती खोटं बोलत नाही.

सेकंदकाटा मध्यभागी आहे की सहाजवळच्या छोट्या वर्तुळात, तारखेची खिडकी केंद्रापासून किती दूर आहे, वाराची खिडकी आहे का, चावी तीनजवळ आहे की चारजवळ, हे सगळं आतल्या चाकांच्या जागेवर अवलंबून असतं. तारखेची चकती मशीनच्या परिघाला धरून फिरते. मोठ्या केसमध्ये लहान मशीन बसवलं की खिडकी काठापासून आत सरकलेली दिसते. चाळीस मिलिमीटरच्या घड्याळात तारीख जवळजवळ केंद्राशी आली असेल, तर आत लहान, बहुधा स्वस्त मशीन आहे.

उरलेलं काम सेकंदकाट्याचा दहा सेकंदांचा व्हिडिओ करतो. सेलवालं घड्याळ साधारणपणे सेकंदाला एकच उडी मारतं. एचएमटी जनतासारखं चावीचं मशीन ताशी १८,००० ठोके देतं, म्हणजे सेकंदाला पाच. सेकोची ७००९ आणि ७एस२६ ही मशीनं ताशी २१,६००, म्हणजे सेकंदाला सहा. आजची पुष्कळ स्विस ऑटोमॅटिक ताशी २८,८००, म्हणजे सेकंदाला आठ. फोनवर स्लो मोशनमध्ये चित्रण केलं तर या उड्या मोजता येतात. ‘ऑटोमॅटिक’ लिहिलेल्या घड्याळाचा काटा सेकंदाला एकदा टिकटिकत असेल, तर पुढचं काही तपासायची गरजच नाही.

सेकोच्या तबकडीवर सहाच्या खाली बारीक अक्षरं असतात. ती काय सांगतात?

जुनी सेको तपासताना मी सर्वांत आधी तिथेच पाहतो. सहाच्या खुणेच्या खाली, अगदी काठाशी, ‘जपान’ हा शब्द आणि एक क्रमांक असतो. कधीकधी तो कडेच्या कड्याखाली अर्धा झाकला जातो, म्हणून फोटो थोडा वरच्या बाजूने घ्यावा लागतो.

क्रमांकाचे पहिले चार आकडे मशीनचे. ७००९ असेल तर १७ ज्वेलचं, म्हणजे घर्षण कमी करणारी १७ माणकं बसवलेलं, ऑटोमॅटिक, ६३०९ सुद्धा १७ ज्वेलचं, ६११९ आणि ७एस२६ ही २१ ज्वेलची. ७एस२६ नव्वदच्या दशकात आलं. त्यामुळे ‘सत्तरच्या दशकातलं’ म्हणून विकल्या जाणाऱ्या घड्याळात ते असूच शकत नाही.

मधल्या रेघेपुढचे आकडे आणि अक्षरं तबकडीची. मागच्या झाकणावरही असाच क्रमांक असतो, पण तिथे रेघेपुढचे आकडे केसचे. हे दोन क्रमांक पूर्ण जुळायला हवेत, असा पुष्कळांचा गैरसमज आहे आणि त्यापायी चांगली घड्याळं नाकारली गेलेली मी पाहिली आहेत. जुळायला हवेत ते फक्त पहिले चार. पुढचा भाग वेगळा असणं हेच नेहमीचं.

मागच्या झाकणावर याशिवाय अनुक्रमांक असतो. जुन्या सहा आकडी अनुक्रमांकात पहिला आकडा वर्षाचा शेवटचा अंक आणि दुसरा महिना. ऑक्टोबरला ‘ओ’ किंवा शून्य, नोव्हेंबरला ‘एन’, डिसेंबरला ‘डी’. दशक मात्र यातून कळत नाही, ते मशीनवरून ठरवावं लागतं.

काठाशी हा क्रमांक अजिबात नसेल, तर तबकडी रंगवलेली असण्याची शक्यता फार मोठी. रंग उतरवताना ही अक्षरं जातात आणि इतक्या बारीक आकारात ती पुन्हा छापण्याच्या भानगडीत बहुतेक जण पडत नाहीत. काही जण हल्ली छापतात, पण मग एकच क्रमांक दहा वेगवेगळ्या रंगांच्या तबकड्यांवर दिसतो.

स्विस घड्याळांवर सहाच्या दोन्ही बाजूंना ‘टी’ हे अक्षर असतं ते का?

अंधारात चमकणाऱ्या खुणांमध्ये ट्रिटियम वापरलं आहे, याची ती खूण. साठच्या दशकापासून नव्वदच्या दशकाच्या अखेरीपर्यंत ती दिसते. आपण सरसकट ज्याला रेडियम म्हणतो, ते त्या काळात बहुधा हेच असायचं. ट्रिटियमची चमक काही वर्षांत ओसरते. म्हणून ‘टी’ लिहिलेलं घड्याळ आज रात्रभर हिरवंगार चमकत असेल, तर खुणा नव्याने भरलेल्या आहेत. ‘टी’ आहे पण तबकडीवर किंवा काट्यांवर चमकणारा पदार्थ कुठेच नाही, अशी तबकडीही रंगवलेलीच समजावी.

रंगवलेल्या तबकडीची सर्वांत भरवशाची खूण कोणती?

माझ्या अनुभवात तारखेच्या खिडकीची धार. कारखान्यात खिडकीची कड नीट कापलेली असते किंवा तिला धातूची चौकट असते. तबकडीवर पुन्हा रंगाचा फवारा मारला की रंग त्या कडेवरून आत ओघळतो आणि कोपरे मऊ, गोलसर होतात. फोटो मोठा करून खिडकीचे चारही कोपरे पाहा. छपाई कितीही उत्तम झाली, तरी ही कड लपवता येत नाही.

त्यानंतर मिनिटांचं वर्तुळ. फोन सपाट ठेवा आणि पडद्यावर पट्टीची कड अशी धरा की ती बारा आणि सहाच्या खुणांमधून जाईल. ती काट्यांच्या मधोमध असलेल्या खिळ्यावरून गेलीच पाहिजे. तीन आणि नऊचंही तसंच. रेघ खिळ्याच्या बाजूने गेली, तर छपाई केंद्र सोडून झालेली आहे. मात्र फोटो समोरून सरळ घेतलेला असेल तरच हे करा. तिरक्या फोटोत अस्सल घड्याळही दोषी ठरतं.

तिसरं म्हणजे काटे. मिनिटकाट्याचं टोक मिनिटांच्या रेघांना टेकायला हवं आणि तासकाट्याचं टोक तासाच्या खुणांच्या आतल्या कडेपर्यंत. तोकडे काटे दुसऱ्या घड्याळाचे असतात. काट्यांत पांढराशुभ्र नवा पदार्थ भरलेला आणि तबकडीवर त्याचा ठिपकाही नाही, ही जोडीसुद्धा संशयास्पद.

रंगाचा पोत मी शेवटी पाहतो, कारण प्रकाशामुळे तिथे डोळा फसतो. सूर्यकिरणांसारख्या घासलेल्या रेषा असलेली मूळ तबकडी हलवली की प्रकाश पंख्यासारखा फिरतो. जाड रंगाखाली त्या रेषा बुजतात आणि तबकडी प्लास्टिकसारखी सपाट दिसते.

एखादा फोटो प्रत्यक्ष तपासून दाखवाल?

मध्यंतरी डोंबिवलीच्या एका ताईंनी जाहिरातीचा फोटो पाठवला. ‘सेको ५, १९७० चं, मिलिटरी, ओरिजिनल, नव्यासारखं, साडेतीन हजार.’ भावाला वाढदिवसाला द्यायचं होतं.

फिरोजी तबकडी. एक ते बारा हे मोठे पांढरे आकडे आणि आतल्या वर्तुळात तेरा ते चोवीस हे लाल. चावी चारजवळ, वार-तारीख तीनजवळ. ही रचना सेको ५ ला धरून आहे, कारण चावी चारजवळ आत दबलेली आणि वार-तारीख एकाच खिडकीत ही या मालिकेची ओळख. म्हणजे केस आणि मशीन सेकोचं असण्याची शक्यता चांगली.

मग मी खालचा काठ पाहिला. सहाखाली कोरं. खिडकीचा वरचा उजवा कोपरा गोल झालेला आणि आतल्या कडेवर फिरोजी रंगाचा थेंब. बारा-सहाची रेघ खिळ्याच्या डावीकडून जात होती. तबकडीवर छापलेलं होतं ‘२१ ज्वेल्स’.

त्यांनी विक्रेत्याकडून मागच्या झाकणाचा फोटो मागवला. त्यावर ७००९ आणि अनुक्रमांकाचे पहिले दोन आकडे ८७. सगळा उलगडा इथे झाला. ७००९ हे १७ ज्वेलचं मशीन, मग तबकडीवर २१ कुठून आले? आणि ८७ म्हणजे आठने संपणाऱ्या वर्षाचा जुलै महिना. हे मशीन सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात आलं, म्हणून वर्ष १९७८ किंवा १९८८. १९७० तर नाहीच. ‘मिलिटरी’ हा शब्द तर विक्रेत्याने तबकडीच्या रूपावरून जोडलेला.

माझा निष्कर्ष असा होता: सेकोची केस, बहुधा सेकोचंच मशीन, तबकडी पूर्ण नवी. ताईंनी विक्रेत्याला सरळ विचारलं, तेव्हा त्याने तबकडी रंगवल्याचं मान्य केलं आणि किंमत उतरवली. त्यांनी ते घेतलं. भावाला रंग आवडला आणि घड्याळ आजही वेळ चांगली दाखवतं. काय घेतोय हे माहीत असताना घेतलं, एवढंच मला महत्त्वाचं वाटतं.

एचएमटीमध्ये काय पाहायचं?

एचएमटीने सिटिझन या जपानी कंपनीच्या सहकार्याने १९६१ साली बंगळूरुला घड्याळं बनवायला सुरुवात केली. जनता, पायलट ही चावीची घड्याळं त्याच वंशातल्या मशीनवर चालतात, १७ ज्वेलची. तबकडीवर ‘पॅरा शॉक’ असं असतं, ती सिटिझनकडून आलेली धक्क्यापासून बचावाची योजना. रजत आणि कांचन ही २१ ज्वेलची ऑटोमॅटिक. म्हणजे ‘जनता ऑटोमॅटिक’ असं छापलेलं जुनं घड्याळ दिसलं, तर तबकडीने स्वतःच कबुली दिली.

सर्वांत जास्त रंगवलं जातं ते पायलट. त्याची ओळखीची तबकडी काळी, ठळक आकड्यांची, चमकणाऱ्या पदार्थाची. लाल, नारंगी, लष्करी हिरवी, मधे मोठी चांदणी असलेली पायलट दिसली की थांबा. कंपनीने पुढे नवे रंगही आणले. त्यामुळे एकट्या रंगावरून निकाल देऊ नका. अक्षरांची धार, खुणांची सरळ रेघ आणि काट्यांची लांबी पाहा.

‘कंपनी बंद पडली, हा शेवटचा न वापरलेला माल’ हे वाक्य जाहिरातीत फार असतं. केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस बंद करायला २०१६ साली मंजुरी दिली हे खरं, पण एचएमटीच्या नावाने नवी घड्याळं त्यानंतरही विकली गेली आहेत. त्यामुळे नव्या दिसणाऱ्या जनताबद्दल तीन शक्यता असतात: खरोखर जुना न वापरलेला माल, अलीकडचं नवं घड्याळ किंवा रंगवून चकाचक केलेलं जुनं. झाकणाच्या खाचा पाहा. न उघडलेल्या घड्याळाच्या झाकणावर हत्यार घसरल्याचे ओरखडे नसतात.

राडोचा नांगर हलतो, हे खरं का?

खरं आहे, आणि मशीनचा प्रकार तबकडीवरून सांगणारी याच्याइतकी सोपी खूण दुसरी नाही. राडोच्या ऑटोमॅटिक घड्याळांत बाराजवळचा छोटा नांगर खिळ्यावर सैल बसवलेला असतो आणि मनगट हललं की तो फिरतो. सेलवाल्या राडोत तो स्थिर असतो.

आखातातून आलेल्या मामा-काकांनी आणलेली राडो डायास्टार पुष्कळ मराठी घरांत आहे. १९६२ सालचं हे मॉडेल, ओरखडे न पडणाऱ्या कठीण धातूच्या केससाठी गाजलेलं. म्हणूनच त्याच्या नकलाही भरपूर. विक्रेत्याकडून दोन फोटो मागवा, एक घड्याळ सरळ धरून आणि दुसरा आडवं धरून. तबकडीवर ‘ऑटोमॅटिक’ असेल आणि दोन्ही फोटोंत नांगर तबकडीच्या तुलनेत तसाच असेल, तर तबकडी नकली किंवा रंगाने नांगर जाम झालेला. जुन्या अस्सल घड्याळात तेल सुकूनही नांगर अडकतो, म्हणून घड्याळ हलक्या हाताने टिचकून पुन्हा पाहायला सांगा. केसही पाहा. डायास्टारची मूळ केस वर्षानुवर्षं वापरूनही आरशासारखी राहते. तिच्यावर जाळीसारखे बारीक ओरखडे असतील, तर तो साधा पोलादी तुकडा आहे.

रोलेक्स, ओमेगाचं काय? तेही फोटोवरून सांगता येईल का?

स्वस्त नक्कल लगेच कळते. उदाहरणार्थ, तीन छोटी वर्तुळं असलेलं रोलेक्स डेटोना. २००० सालापासूनच्या अस्सलमध्ये सहाजवळ सेकंद, तीनजवळ तीस मिनिटांची मोजणी आणि नऊजवळ बारा तासांची. एखाद्या वर्तुळावर वार किंवा चोवीस तास लिहिलेले दिसले की विषय संपला, कारण खऱ्या मशीनमध्ये ती सोयच नाही. ओमेगा स्पीडमास्टरच्या नेहमीच्या चावीच्या मॉडेलमध्ये सेकंद नऊजवळ असतात.

महाग नकला मात्र आता इतक्या बारकाईने होतात की फोटोवरून मी त्यावर मत देत नाही. लाखांचा व्यवहार असेल तर झाकण उघडून, जाणत्या माणसासमोरच करावा. फोटोवर ‘हो’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, तो मी असलो तरी.

तपासायला फोटो कसा काढू?

खिडकीजवळ, उन्हात नाही, फ्लॅश बंद. फोन घड्याळाला चिकटवू नका, जवळून काढलेल्या फोटोत तबकडी फुगते आणि रेघा वाकतात. फूटभर अंतरावरून झूम करा. एक फोटो अगदी समोरून, दुसरा सहाच्या काठाचा वरून तिरपा, तिसरा मागच्या झाकणाचा. काटे तारखेवर आलेले असतील तर थोडं थांबून काढा. जुन्या प्लास्टिकच्या काचेवर ओरखडे असतील, तर तिरप्या प्रकाशात ते छपाईतल्या दोषांसारखे दिसतात, म्हणून घड्याळ थोडं फिरवून आणखी एक काढा.

विकणारा झाकणाचा फोटो द्यायला तयार नसेल, तर माझ्या लेखी व्यवहार तिथेच संपतो. फोटोतले काटे दहा वाजून दहा मिनिटांवर आणि पार्श्वभूमी पांढरीशुभ्र असेल, तर तो फोटो त्याच घड्याळाचा आहे का हेही विचारा. कागदावर आजची तारीख लिहून शेजारी ठेवून फोटो मागितला की उत्तर मिळतं.

मशीन अस्सल आणि तबकडी रंगवलेली, तर घ्यावं की नाही?

रोज वापरायला हवं असेल आणि किंमत मशीनच्या अवस्थेला धरून असेल, तर घ्या. संग्रहासाठी घेऊ नका. संग्रहात डाग पडलेल्या मूळ तबकडीचं मोल चकाकत्या रंगवलेल्या तबकडीपेक्षा जास्त असतं, कारण डाग काळाने दिलेला असतो आणि रंग गेल्या महिन्यातला.

मी स्वतः पहिली सेको पुण्याच्या जुन्या बाजारात अशीच घेतली. तबकडीच्या रंगावर भाळलो, झाकण उघडायला सांगितलं नाही. दोन महिन्यांनी ती बंद पडली. घड्याळजींनी उघडली तेव्हा मशीनमधला एक स्क्रू गायब होता आणि तबकडी मशीनला गोंदाने चिकटवलेली होती. तबकडीला मागून दोन बारीक पाय असतात, त्यांवर ती मशीनमध्ये धरली जाते. रंगवताना ते मोडले की गोंद येतो, आणि तो सुटून चाकांत गेला की घड्याळ थांबतं. त्यामुळे रंगवलेलं घड्याळ घेताना विचारायचा पहिला प्रश्न रंगाचा नाही, पाय शाबूत आहेत का हा.

वडिलांचं घड्याळ रंगवलेलं निघालं. मूळ तबकडी मिळेल का?

एचएमटीची आणि सेको ७००९ ची मूळ तबकडी थोडा शोध घेतल्यावर मिळते, बहुतेक वेळा त्याच मॉडेलच्या बंद पडलेल्या घड्याळातून. पण आधी घरात विचारा. कितीतरी वेळा तबकडी वडिलांनीच हौसेने रंगवून घेतलेली असते, पाणी शिरून मूळची खराब झाल्यावर. एका वाचकाच्या आईने सांगितलं की त्यांच्या जनताचा निळा रंग लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला मुद्दाम करून घेतला होता. त्यांनी तो तसाच ठेवला. फक्त गोंद साफ करून तबकडी नीट बसवून घेतली, मशीनला तेलपाणी केलं आणि चामड्याचा नवा पट्टा लावला.

तरीही बदलायची असेल, तर काढलेली रंगीत तबकडी फेकू नका. छोट्या पाकिटात घालून घड्याळाच्या डबीत ठेवा आणि पाकिटावर बदलल्याची तारीख लिहा.